टाकी, पाइप आणि नळ: पहिलं सर्किट जोडण्याआधी व्होल्टेज, करंट आणि रेझिस्टन्स समजून घ्या

माझा पहिला एलईडी जेमतेम एक सेकंद जगला. नऊ व्होल्टची बॅटरी होती, लाल एलईडी होता. म्हटलं, प्लसला प्लस आणि मायनसला मायनस लावलं की झालं. एलईडी लख्ख पेटला, लालाचा नारिंगी झाला आणि गेला. जळक्या प्लॅस्टिकचा वास तेवढा मागे राहिला. पहिलाच खराब निघाला असेल असं समजून मी दुसराही त्याच रीतीने घालवला.

मी कॉमर्सचा माणूस. विभवांतर, विद्युतधारा आणि रोध हे शब्द शाळेत पाठ केले होते, सूत्रही आठवत होतं. पण समोरच्या बॅटरीतलं नेमकं काय म्हणजे व्होल्टेज आणि काय म्हणजे करंट, हे विचारलं असतं तर माझी दातखीळ बसली असती. उलगडा झाला तो आमच्या सोसायटीत पाण्याची तक्रार बघायला आलेल्या प्लंबरमुळे. चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या शॉवरला धार येत नव्हती. तो म्हणाला, "काकू, टाकी तुमच्या डोक्यावर दहा फुटांवर. प्रेशर येणार कुठून? खालच्या मजल्यावर बघा, नळ सोडला की अंगावर उडतं." त्याच पाण्याच्या हिशोबाने मी पुढे सर्किट शिकलो. तुम्हीही त्याच वाटेने चला. तुमचा एलईडी तरी वाचेल.

सामान काय लागेल

नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि तिच्या डोक्यावर बसणारी लाल-काळ्या वायरची टोपी. दुकानात "बॅटरी स्नॅप" म्हणून मागा. पाच मिलिमीटरचे लाल एलईडी तीन-चार, कारण एखादा जाणारच. १ किलोओहमचे, पाव वॉटचे रेझिस्टर पाच-सहा. छोटा ब्रेडबोर्ड, चार-पाच जम्पर वायर आणि साधा डिजिटल मल्टिमीटर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास हे सगळं एका फेरीत मिळतं. मल्टिमीटरवर कंजुषी करू नका असं मला कुणीतरी सांगितलं होतं. मी केली, आणि या कामापुरतं काही बिघडलं नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. या लेखातलं काहीही घरातल्या प्लगवर करून बघायचं नाही. तिथे २३० व्होल्ट असतात आणि चूक झाली तर एलईडीऐवजी माणूस जातो. नऊ व्होल्टच्या बॅटरीने कोरड्या हाताला काही होत नाही.

१. टाकी किती उंच आहे? हे व्होल्टेज

गच्चीवर टाकी आहे, तिच्यातून पाइप खाली येतो आणि त्याला नळ आहे. नळ बंद आहे, पाणी थेंबभरही वाहत नाही. तरी नळाच्या तोंडाशी पाणी ढकलत उभं आहे. हे ढकलणं किती जोरात, ते टाकीत पाणी किती आहे यावर ठरत नाही; टाकीतली पाण्याची पातळी नळापेक्षा किती उंच आहे यावर ठरतं. दहा मीटर उंची असेल तर साधारण एक किलोचं प्रेशर, असा प्लंबर लोकांचा हिशोब असतो. काकूंच्या शॉवरला एकच मजला उंची मिळत होती, खालच्या मजल्याला चार.

व्होल्टेज म्हणजे ही उंची. नऊ व्होल्टची बॅटरी म्हणजे नऊ मजली इमारतीवरची टाकी समजा, एका व्होल्टला एक मजला. पुढचा सगळा हिशोब मी मजल्यांतच करणार आहे. पेन्सिल सेल म्हणजे दीड मजला. योगायोग म्हणजे नऊ व्होल्टच्या बॅटरीच्या आत खरोखरच दीड-दीड व्होल्टचे सहा सेल एकावर एक जोडलेले असतात. संपलेली एखादी बॅटरी पक्कडीने उघडून पाहिलेल्यांना हे माहीत असेल.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, उंची नेहमी दोन जागांमधली असते. "इथे किती व्होल्ट आहेत?" हा प्रश्न अर्धाच आहे, "इथपासून तिथपर्यंत किती?" असं विचारायला हवं. मल्टिमीटरला दोन वायरी असतात त्या याचसाठी. विजेच्या तारेवर कावळा खुशाल बसतो, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच मजल्यावर असतात. दोन, व्होल्टेज वाहत नाही. उंची कधी वाहते का? वाहतं ते पाणी. "वायरमधून नऊ व्होल्ट जातात" असं आपण सहज बोलून जातो, आणि पुढचा अर्धा गोंधळ त्याच वाक्यातून सुरू होतो.

२. बादली किती वेळात भरते? हा करंट

आता नळ सोडा. वीस लिटरची बादली दोन मिनिटांत भरली, तर धार मिनिटाला दहा लिटरची. करंट म्हणजे ही धार: वायरच्या एका ठिकाणाहून दर सेकंदाला किती वीज पुढे गेली. पाणी लिटरमध्ये मोजतात, विजेचा साठा कूलंबमध्ये. सेकंदाला एक कूलंब गेला की तो एक अँपिअर. आपल्या छोट्या सर्किटला अँपिअर फार मोठं माप होतं, दूध टँकरने मोजल्यासारखं. म्हणून त्याचा हजारावा भाग, मिलिअँपिअर, वापरायचा. साध्या लाल एलईडीला वीस मिलिअँपिअरच्या आत ठेवायचं आणि पाच-सात मिळाले तरी तो छान पेटतो, एवढं लक्षात असू द्या.

मला इथे एक शंका यायची. बॅटरी लावल्या क्षणी दिवा लागतो, म्हणजे वीज वायरमधून भयंकर वेगाने धावत असणार? नाही. वायरमधले इलेक्ट्रॉन अशा सर्किटमध्ये सेकंदाला एक मिलिमीटरही पुढे सरकत नाहीत. पण पाइप आधीच पाण्याने भरलेला असतो. वरून ढकललं की नळातून लगेच पाणी येतं. ते टाकीतून आत्ता निघालेलं नसतं, नळापाशीच थांबलेलं असतं.

३. पाइप किती चोंदलाय? हा रेझिस्टन्स

आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, त्यामुळे क्षार जमून पाइप आतून अरुंद होतात. टाकी तीच, उंची तीच, पण धार बारीक. हा अडथळा म्हणजे रेझिस्टन्स, आणि तो ओहममध्ये मोजतात. पाइप लांब असला तर अडथळा जास्त, बारीक असला तर आणखी जास्त, जाड आणि आखूड असला तर कमी. वायरचंही तसंच असतं. गेऑर्ग ओम या जर्मन शिक्षकाने वेगवेगळ्या लांबीच्या तारा घेऊन हेच मोजलं आणि १८२७ साली पुस्तकात मांडलं. त्याचा नियम असा:

```
I = V / R
```

म्हणजे करंट = व्होल्टेज भागिले रेझिस्टन्स. उंची दुप्पट केली की धार दुप्पट, अडथळा दुप्पट केला की धार निम्मी. नऊ व्होल्टला १००० ओहमचा रेझिस्टर लावला तर ९ ÷ १००० = ०.००९ अँपिअर, म्हणजे ९ मिलिअँपिअर. व्होल्टला किलोओहमने भागलं तर उत्तर थेट मिलिअँपिअरमध्ये येतं: ९ ÷ १ = ९. ही युक्ती मी रोज वापरतो. शून्यांच्या चुका वाचतात.

मात्र प्लंबरला हा नियम सांगायला जाऊ नका. खऱ्या नळात उंची दुप्पट केली तरी धार दुप्पट होत नाही, साधारण दीडपटीच्याही थोडी कमीच वाढते, कारण जोरात वाहणारं पाणी आत भोवरे करतं. रेझिस्टरमध्ये असा प्रकार नसतो. तिथला हिशोब सरळ आहे, पाण्यापेक्षा सोपा.

४. पाणी परत कुठे जातं?

टाकी-नळाच्या चित्रात एक लबाडी आहे आणि नवशिके तिथेच फसतात. नळातून पडलेलं पाणी बादलीत जातं आणि विषय संपतो. विजेला असं चालत नाही. सोसायटीचं पूर्ण चित्र घ्या: खाली जमिनीत टाकी, तिच्यातून पंप पाणी गच्चीवर चढवतो, ते पाइपने खाली येतं. आता समजा नळाखालचं सगळं पाणी पुन्हा त्याच जमिनीतल्या टाकीत पडतंय. पंप, गच्ची, पाइप, जमीन, पुन्हा पंप. बॅटरी हा यातला पंप आहे. ती वीज "बनवत" नाही. खालची वीज उचलून वर ठेवते. प्लस टोक म्हणजे गच्ची, मायनस टोक म्हणजे जमीन. (इलेक्ट्रॉन प्रत्यक्षात उलट्या दिशेने जातात. दिशा ठरवण्याचा संकेत आधी पडला आणि इलेक्ट्रॉन नंतर सापडला. आपल्या हिशोबात याने काडीचाही फरक पडत नाही. प्लसकडून मायनसकडे धरून चला.)

त्यामुळे एकच वायर जोडून काही होत नाही. फेरा पूर्ण झाला तरच धार सुरू. आणि इथे पाण्याचा दाखला उलटा पडतो: पाइप कापला तर पाणी भसाभस वाहतं, वायर कापली तर वीज थांबते. वायरबाहेरची हवा विजेला दगडासारखी. तेव्हा कापलेली वायर म्हणजे फुटलेला पाइप समजू नका, ती म्हणजे बंद नळ.

फुटलेल्या पाइपाची जागा दुसऱ्या गोष्टीला द्या. प्लस आणि मायनस मधल्या अडथळ्याशिवाय थेट जोडले, तर गच्चीतून सरळ खाली भलामोठा पाइप टाकल्यासारखं होतं. हाच शॉर्ट सर्किट. रेझिस्टन्स जवळजवळ शून्य, म्हणून धार बॅटरीला झेपेल तेवढी. बॅटरी हाताला गरम लागायला लागते. तशी लागली की आधी ती काढा, विचार नंतर करा. आणि हो, नऊ व्होल्टच्या बॅटरीची दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात. खिशात नाण्यांबरोबर टाकू नका. माझी एक पँट अशी तापली आहे.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकू. करंट वाटेत खर्च होत नाही. फेऱ्यात मिनिटाला दहा लिटर वर चढतं, तर दहाच लिटर खाली पोचतं. नळ पाणी खात नाही. कमी होते ती उंची. पाणी जसजसं अडथळे पार करत खाली येतं तसे मजले संपत जातात आणि जमिनीवर पोचेपर्यंत शिल्लक शून्य. "एलईडीच्या आधी रेझिस्टर लावू की नंतर?" याचं उत्तर यातच आहे. कुठेही लावा. एका फेऱ्यात धार सगळीकडे सारखीच असते, त्यामुळे पाइप कुठेही आवळला तरी ती तेवढीच बारीक होते.

५. एलईडी हा पाइप नाही, झडप आहे

माझे दोन एलईडी का मेले, ते आता सांगता येतं. एलईडीला मी अरुंद पाइप समजत होतो, म्हणजे लागेल तेवढीच धार तो स्वतः घेईल. तसं नसतं. पंपाच्या पाइपला पाणी उलटं जाऊ नये म्हणून नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवतात, आत स्प्रिंगवरची झडप असलेला. एलईडी तसा आहे. उलट दिशेने तो बंद. सरळ दिशेनेही स्प्रिंग दाबण्याइतका जोर मिळेपर्यंत बंदच. लाल एलईडीला त्यासाठी साधारण दोन मजले, म्हणजे दोन व्होल्ट लागतात. निळ्या-पांढऱ्याला तीनच्या आसपास. पण झडप एकदा उघडली की सताड उघडते. मग उरलेल्या उंचीला अडवणारं कुणी नसतं.

एका पेन्सिल सेलवर लाल एलईडी पेटत नाही तो याचमुळे. दीड मजल्यात झडप उघडत नाही. आणि नऊ व्होल्टवर? दोन मजले झडपेत गेले, उरलेले सात मजले मोकळे. मधे फक्त बॅटरीच्या पोटातला स्वतःचा थोडा अडथळा. एलईडी सेकंदात भाजतो.

तेव्हा ते सात मजले जिरवायला कुणीतरी हवं. ते काम रेझिस्टरचं. हिशोब करू:

```
बॅटरी            9 V
एलईडीत गेले      2 V
रेझिस्टरवर उरले   7 V
I = 7 V / 1 kΩ = 7 mA
```

सात मिलिअँपिअर. वीसच्या बरेच आत, आणि डोळ्याला पुरेसा उजेड. लक्षात घ्या, भागाकार नवाचा नाही, सातचा केला. झडपेचे दोन मजले आधी वजा करायचे. ही वजाबाकी विसरणं ही नवशिक्याची ठरलेली चूक.

६. आता जोडा

आधी रेझिस्टर ओळखा. एक किलोओहमवर तपकिरी, काळा, लाल असे पट्टे असतात आणि जरा अंतर सोडून सोनेरी. सोनेरी म्हणजे किंमत पाच टक्के इकडेतिकडे, अर्थात ९५० ते १०५० ओहममध्ये काहीही. तिसरा पट्टा नीट बघा. तो तपकिरी असेल तर रेझिस्टर १०० ओहमचा. धार ७० मिलिअँपिअर होईल आणि एलईडी जाईल. नारिंगी असेल तर तो १० किलोओहमचा, आणि एलईडी मिणमिणेल. रात्री पिवळ्या दिव्याखाली लाल आणि नारिंगी मला सारखेच दिसतात, म्हणून मी डोळ्यांवर विसंबत नाही, मीटर लावतो. काळी वायर `COM` मध्ये, लाल `VΩmA` मध्ये, चक्री `2000` ओहमवर, आणि रेझिस्टर सुटा, कशालाही न जोडलेला. ९८८ वगैरे काहीतरी दिसेल. डावीकडे नुसता १ दिसला तर मीटर सांगतोय, हे या रेंजच्या बाहेर आहे.

ब्रेडबोर्डच्या मधल्या भागात पाच-पाच भोकांच्या ओळी असतात आणि एका ओळीतली पाचही भोकं आतून एका पट्टीने जोडलेली असतात. ती पाच भोकं म्हणजे एकच मजला. एलईडीचे दोन्ही पाय एकाच ओळीत खोचले तर त्याला उंचीच मिळत नाही, पाणी त्याला वळसा घालून जातं. ब्रेडबोर्डवर दिवा न लागण्याची निम्मी कारणं इथेच सापडतात.

बॅटरी अजून लावायची नाही. आधी एलईडी खोचा, दोन पाय दोन वेगळ्या ओळींत. लांब पाय प्लसच्या बाजूचा. पाय कापलेले असतील तर एलईडीची कड बोटाने चाचपा. जिथे ती सपाट लागते ती मायनसची बाजू. लांब पायाच्या ओळीत रेझिस्टरचा एक पाय, रेझिस्टरचा दुसरा पाय तिसऱ्याच ओळीत. त्या तिसऱ्या ओळीत बॅटरी स्नॅपची लाल वायर. एलईडीच्या आखूड पायाच्या ओळीत काळी वायर. स्नॅपची वायर बारीक तारांची असते आणि भोकात जाताना वाकते. कापलेल्या रेझिस्टरच्या पायाचा तुकडा तिच्याभोवती पीळ देऊन बसवला की ती सुईसारखी आत जाते.

बॅटरी लावण्याआधी बोटाने फेरा मारा. लाल वायरवर बोट ठेवून रेझिस्टर, एलईडी असं करत काळ्या वायरपर्यंत जा. वाटेत रेझिस्टर लागलाच पाहिजे. बोट कुठेही उडी न मारता पोचलं, तर बॅटरी लावा.

७. मजले मोजून बघा

दिवा लागला की बहुतेक लोक थांबतात. थांबू नका, समजायचं ते पुढेच आहे. मीटरची चक्री डीसी व्होल्टच्या `20` वर ठेवा. सर्किट चालू राहू द्या आणि वायरींची टोकं नुसती टेकवा. माझ्या एका ताज्या बॅटरीवर असं दिसलं: बॅटरीच्या दोन टोकांत ९.२, रेझिस्टरच्या दोन पायांत ७.३, एलईडीच्या दोन पायांत १.९. बेरीज करा. नऊ पूर्णांक दोन मजले वर चढवले, तेवढेच खाली उतरताना संपले. तुमचे आकडे थोडे वेगळे येतील, बेरीज मात्र जुळेल. दशांशात एखादा अंक इकडेतिकडे झाला तर हरकत नाही.

करंट मोजताना पद्धत बदलते, आणि इथे नीट लक्ष द्या. उंची दोन ठिकाणांना टेकवून मोजता येते. धार मोजायची तर पाण्याचा मीटर पाइप कापून मधे बसवावा लागतो. तसंच इथे. बॅटरी काढा, एलईडीच्या आखूड पायाकडची काळी वायर उपसा आणि त्या तुटलेल्या जागी मीटर बसवा, म्हणजे धार मीटरमधूनच जाईल: मीटरची लाल वायर एलईडीच्या आखूड पायाला, मीटरची काळी बॅटरीच्या काळ्या वायरला. चक्री डीसी अँपिअरच्या `20m` वर. बॅटरी लावा. माझ्याकडे ७.२ आलं. मग मीटर तिथून काढून वायर पुन्हा जोडा आणि तो लाल वायरच्या बाजूला बसवा. पुन्हा ७.२. करंट खर्च होत नाही यावर माझा खरा विश्वास बसला तो या दुसऱ्या आकड्याने.

माझी चूक तुम्ही करू नका. मी करंटच्या रेंजवर ठेवलेला मीटर थेट बॅटरीच्या दोन टोकांना टेकवला, "बॅटरीत किती करंट आहे" ते बघायला. करंटच्या रेंजवर मीटर म्हणजे जवळपास अडथळाच नसलेला पाइप. मी बॅटरी शॉर्ट केली होती. आतला फ्यूज गेला. नंतर गंमत अशी झाली की व्होल्ट बरोबर दिसायचे, करंट मात्र नेहमी ०.०० आणि मीटर मधे बसवला की एलईडी विझायचा. दोन दिवस मी सर्किटला दोष देत होतो. तुमच्याकडे असं झालं तर मीटर मागून उघडा. काचेच्या नळीतली तार तुटलेली दिसेल. फ्यूज बदलताना त्यावर छापलेला तोच आकडा मागून घ्या. मोजून झालं की लगेच चक्री व्होल्टवर फिरवायची सवय लावा.

आणि त्या प्रश्नातच चूक होती. बॅटरीत करंट भरलेला नसतो. टाकीला धार नसते, उंची असते. धार किती ते पुढचा पाइप ठरवतो.

८. एक पाइप आणखी जोडा

दुसरा एक किलोओहमचा रेझिस्टर पहिल्याच्या पुढे, एकाच्या शेपटाला दुसऱ्याचं तोंड असा जोडा. पाइप दुप्पट लांब झाला. अडथळा २ किलोओहम, धार ७ ÷ २ = ३.५ मिलिअँपिअर. एलईडी मंद होईल, पण तुम्हाला वाटलं होतं तेवढा नाही. उजेड निम्मा झालेला डोळ्याला निम्मा वाटत नाही. म्हणून मीटर.

आता तोच दुसरा रेझिस्टर काढून पहिल्याच्या शेजारी लावा, दोघांचे पाय त्याच दोन ओळींत. बहुतेकांना इथे वाटतं की रेझिस्टर वाढले म्हणजे अडथळा वाढला. पाइपाचं चित्र आठवा: गच्चीतून खाली शेजारी-शेजारी दोन पाइप आले तर पाणी जास्तच येणार. प्रत्येकातून सात, मिळून चौदा मिलिअँपिअर. दोन्ही मिळून अडथळा ५०० ओहम. चौदा अजून वीसच्या आत आहेत. तिसरा शेजारी लावलात तर एकवीस होतील, तेव्हा दोनवर थांबा.

दिवा लागला नाही तर

बॅटरी आणि स्नॅप दोन्ही गार आहेत ना, हे आधी बघा. मग एलईडी फिरवून लावा. रेझिस्टर वाटेत असेल तर थोडा वेळ उलटा लागल्याने तो सहसा मरत नाही. तरीही अंधार असेल तर मीटर व्होल्टवर ठेवून एलईडीच्या पायांत मोजा. जवळपास शून्य आलं तर दोन शक्यता: दोन्ही पाय एकाच ओळीत आहेत, किंवा वीज तिथवर पोचतच नाही, एखादी वायर भोकात नुसती टेकली आहे. पूर्ण नऊ आले तर फेरा एलईडीतच तुटलाय: तो उलटा आहे किंवा जळलाय. बंद नळाच्या तोंडाशी टाकीचं पूर्ण प्रेशर असतं, तेच हे.

दिवा लागला पण मिणमिणता, आणि रेझिस्टर तपासून बरोबर निघाला, तर बॅटरी बघा. नुसती बॅटरी मोजून फसू नका. जुनी बॅटरी सुटी मोजली की साडेआठ दाखवते, सर्किटला लावून मोजली की पाच-सहावर येते. तिच्या आतला अडथळा वाढलेला असतो. टाकीच्या तोंडाशीच क्षार जमलेत असं समजा: नळ बंद असताना प्रेशर पूर्ण, सोडला की धार नाही. म्हणून बॅटरी मोजायची ती दिवा लावलेला असतानाच.